हिंदी बोलणाऱ्या जोडीदाराला लिहिताना: तू, तुम की आप?

पुण्यात आता अशी जोडपी शोधायला लांब जावं लागत नाही. एक जण कोथरूडचा किंवा सदाशिव पेठेतला, दुसरा लखनौ, पाटणा नाहीतर भोपाळहून हिंजवडीत नोकरीला आलेला. दोघांची सामाईक भाषा हिंदी. समोरासमोर बोलताना फारसं अडत नाही, कारण आवाज आणि चेहरा बरंच सांभाळून घेतात. मेसेज लिहिताना मात्र शब्द एकटा जातो आणि पहिला घोळ होतो तो सर्वनामाचा. मराठी माणूस प्रेमाने 'तू' लिहितो आणि पलीकडच्याला ते उर्मट वाटतं. पलीकडचा प्रेमाने 'आप' लिहितो आणि मराठी माणसाला वाटतं, हा अजून हातभर लांबच आहे.

हे मार्गदर्शन मुख्यतः अशा मराठी माणसासाठी आहे. शेवटाकडे उलट्या दिशेने येणाऱ्यांसाठीही, म्हणजे मराठी शिकून मराठीत लिहू पाहणाऱ्या हिंदीभाषक जोडीदारासाठी, थोडं लिहिलं आहे. तो भाग त्यांना वाचायला द्या, किंवा वाचून दाखवा.

आधी पायऱ्या जुळवून घ्या

मराठीत तीन पायऱ्या आहेत: तू, तुम्ही, आपण. हिंदीतही तीनच: तू, तुम, आप. शब्द इतके सारखे ऐकू येतात की आपण नकळत पहिलीला पहिली आणि दुसरीला दुसरी जोडून टाकतो. इथेच गाडी चुकते. जोडीदारांपुरतं बोलायचं तर मराठी 'तू'ची जागा हिंदीत बहुतेक वेळा 'तुम' घेतो, आणि मराठी 'तुम्ही'ची जागा 'आप'. हिंदी 'तू' त्याच्याही एक पायरी खाली आहे, आणि त्याला मराठीत वेगळा शब्दच नाही.

याचं कारण असं की मराठी 'तू'चा पसारा फार मोठा आहे. आपण आईला 'तू' म्हणतो, ताईला म्हणतो, दादाला म्हणतो, विठ्ठलालाही म्हणतो. ज्या घरात वडिलांना 'अहो बाबा' म्हणतात, त्याच घरात आईला बिनदिक्कत 'ए आई' असते आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही. हिंदीत 'तू'चा वापर बराच आखडलेला आहे: देव, लहान मूल, लंगोटीयार, आणि भांडणातला शत्रू. उत्तर प्रदेशातल्या आणि बिहारमधल्या पुष्कळ घरांत आईलाही 'आप' किंवा 'तुम' म्हणतात. लखनौच्या बऱ्याच घरांत तर लहान मुलांशीसुद्धा 'आप' म्हणूनच बोलतात, म्हणजे मुलांना तीच सवय लागावी. अशा घरातून आलेल्या माणसाचा 'आप' अंतर दाखवत नाही, तो त्याच्या घरचा शब्द आहे.

आपली अडचण वाढवते ती आपलीच पुणे-मुंबईची हिंदी. रिक्षावाल्यापासून वर्गमित्रापर्यंत सगळ्यांशी 'तू किधर जा रहा है' चालतं, त्यामुळे कान तयार झालेले असतात. ती हिंदी खोटी नाही, पण ती इथली आहे. लखनौहून आलेल्या जोडीदाराला ती ऑफिसच्या कँटीनमध्ये गंमतीची वाटेल. रात्री अकरा वाजता 'तूने खाना खाया क्या' असं आलं, तर मात्र तो क्षणभर विचार करेल की आपलं काय चुकलं.

मग त्यांचे जुने मेसेज वाचा, पण सर्वनाम शोधू नका

समोरचा कुठल्या पायरीवर आहे हे कळण्यासाठी त्याला विचारायची गरज बहुधा पडत नाही. मात्र चॅटमध्ये सर्वनाम गाळलेलं असतं, त्यामुळे 'तुम' किंवा 'आप' शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. क्रियापद बघा. 'कहाँ हो?' आलं तर तो 'तुम'वर आहे. 'कहाँ है?' आलं तर 'तू'वर. 'कहाँ हैं?' आलं तर 'आप'वर. शेवटच्या दोघांत फरक फक्त एका अनुस्वाराचा आहे, आणि बहुतेक जण रोमन लिपीत टाइप करतात, त्यात तो शेवटचा 'एन' सर्रास गळतो. म्हणून 'है'वरून निष्कर्ष काढू नका. आज्ञार्थ सापडेपर्यंत थांबा, तिथे घोळ नसतो: 'बता' म्हणजे तू, 'बताओ' म्हणजे तुम, 'बताइए' म्हणजे आप.

एक मधलं रूपही दिसेल: 'आप बताओ', 'आप सो जाओ'. सर्वनाम 'आप'चं, क्रियापद 'तुम'चं. व्याकरणाच्या पुस्तकात ते बसत नाही, पण बोलण्यात खूप आहे, आणि जोडप्यांमध्ये तर त्याचा खास उपयोग होतो. आदर ठेवायचा आहे पण ताठरपणा नको, असं त्यातून निघतं. तुमच्या जोडीदाराकडून असे मेसेज येत असतील तर तो 'आप'वरून 'तुम'कडे यायला तयार आहे असं धरायला हरकत नाही. 'बताना', 'फोन करना' ही रूपं मात्र पायरी सांगत नाहीत, ती तिन्हीकडे चालून जातात. तुम्ही स्वतः गोंधळलेले असाल तेव्हा याच गुणाचा फायदा घेता येतो.

पायरी ठरेपर्यंत काय लिहायचं

पहिल्या काही दिवसांत कुठलीच पायरी नको असेल, तर ती टाळूनही लिहिता येतं. मराठी माणसाला ही कला उपजत असते. ज्या नातेवाइकाला अहोजाहो करायचं की अरेतुरे, हे नक्की नसतं, त्याला आपण 'झालं का जेवण?', 'कधी येणं झालं?', 'काय म्हणतंय पुणं?' असं विचारतोच. हिंदीतही तीच सोय आहे: 'खाना हो गया?', 'घर पहुँचना कब तक होगा?', 'दिन कैसा रहा?' यात कर्ता माणूस नसून जेवण, पोहोचणं आणि दिवस आहे, त्यामुळे क्रियापद कुणाचा मान राखायला जात नाही.

ही सोय चार-पाच मेसेज पुरते. फार ताणली तर समोरच्याला एखाद्या खानावळीचा मालक विचारपूस करतोय असं वाटायला लागतं. आणि षष्ठी आली की सोय संपते. 'याद आई' एवढ्यावर भागतं, पण कुणाची, हे लिहायचं झालं की 'तेरी', 'तुम्हारी' किंवा 'आपकी' यातलं एक उचलावंच लागतं. माझ्या मते, ते वाक्य लिहावंसं वाटेल त्याच्या आधीच पायरी ठरलेली बरी.

एक उदाहरण, मेसेजसकट

समजा, मुलगी कोथरूडची आहे आणि मुलगा लखनौचा. ओळख होऊन महिना झाला आहे. ती लिहिते:

'तू घर पहुँचा क्या? खाना खाया तूने?'

तिच्या डोक्यातलं वाक्य आहे 'तू घरी पोहोचलास का? जेवलास का?' यात माया आहे, काळजी आहे. तो उत्तर देतो:

'जी, पहुँच गया। आपने खाया?'

ती 'जी' आणि 'आपने' वाचते, आणि तिला वाटतं की याला जवळीक नको आहे. त्याने 'तू' वाचलेलं असतं आणि त्याला वाटतं की ही जरा चिडलेली दिसते, तर नीट बोलावं. तो मान राखून वर चढतो, ती दुखावून आणखी धीट 'तू' लिहिते. दोघेही एकमेकांकडे यायला निघालेत आणि दोघेही लांब चाललेत.

आता ती 'तुम'वर यायचं ठरवते. पहिल्या प्रयत्नात हमखास असं होतं:

'तुम घर पहुँचा क्या? तुम थका है क्या?'

सर्वनाम हललं, क्रियापद जागेवरच राहिलं. मराठी माणूस 'तुम' नव्याने वापरायला लागला की हीच चूक करतो, आणि वाचणाऱ्याला ती लगेच दिसते. 'तुम' एकाच माणसाला म्हटलेलं असलं तरी पुरुषासाठी क्रियापद आणि विशेषण अनेकवचनी रूप घेतात, आणि 'है'चा 'हो' होतो. म्हणून:

'घर पहुँच गए? थके हो?'

वाक्याच्या शेवटचा 'क्या'ही गेला ते बरंच झालं. तो आपल्या 'का'चा भाऊ आहे आणि लखनौच्या कानाला लगेच परका वाटतो. प्रश्नचिन्ह पुरतं.

जेवणाचा प्रश्न मात्र सोपा आहे: 'खाना खाया तुमने?' इथे 'ने' लागल्यामुळे क्रियापद 'खाना' या शब्दाप्रमाणे चालतं, त्यामुळे ते कुठल्याही पायरीवर बदलत नाही. तूने, तुमने, आपने एवढंच बदलतं. सवय होईपर्यंत भूतकाळातली अशी 'ने'वाली वाक्यं जास्त लिहा, चुकायला जागा कमी असते.

जोडी उलटी असेल, म्हणजे मुलगा पुण्याचा आणि मुलगी लखनौची, तर काम थोडं हलकं होतं. 'तुम थकी हो', 'तुम घर आई हो' यात स्त्रीलिंगी रूप एकवचनासारखंच दिसतं. फक्त 'तुम कब आईं', 'तुम कल आई थीं' इथे शेवटी अनुस्वार येतो. तो न दिल्याने कुणी नाराज होत नाही.

आता त्याचं 'आप' उरलं. तिने 'तुम'वर आल्यावर त्यानेही यावं अशी तिची अपेक्षा असेल, तर ते एकदा सरळ लिहिलेलं चांगलं: 'आप मुझे तुम कह सकते हैं।' हे वाक्य मुद्दाम 'आप'मध्ये आहे. परवानगी त्याच्याच पायरीवर उभं राहून दिली की ती आज्ञा वाटत नाही. तो 'तुम'वर आला तर छान. 'मुझसे नहीं होगा, आदत है' म्हणाला तर तेही खरं माना. एकाने 'तुम' आणि दुसऱ्याने 'आप' म्हणणारी जोडपी हिंदीत भरपूर आहेत. मला यात एकच गोष्ट खटकते: बायको 'आप' आणि नवरा 'तुम' अशी वाटणी आपोआप होत असेल, तर ती सवय आहे की अपेक्षा, हे दोघांनी एकदा बोलून घ्यावं. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतलं 'अहो' आणि 'अगं' हेही असंच एकतर्फी होतं.

'तू' कधीच नको का? तसं नाही. काही जोडपी वर्षभराने 'तुम'वरून 'तू'वर येतात, आणि तेव्हा तो शब्द फार जवळचा असतो. पण तिथे हिंदीभाषक जोडीदाराने आधी जावं. गाण्याची ओळ पाठवलीत आणि तिच्यात 'तेरा', 'तुझे' आलं, तर त्याची चिंता नको. काव्यात प्रेयसी आणि देव दोघांनाही 'तू'च म्हणायची रीत आहे, आणि वाचणारा ती ओळ कवीच्या खात्यावर टाकतो.

एका मेसेजमध्ये एकच पायरी

'तुम' ठरलं की पूर्ण मेसेजभर 'तुम' ठेवा: तुम्हारा, तुम्हें, तुमसे. 'तुम आओगे तो तेरे लिए...' असं झालं की वाचणारा अडखळतो. उर्दू काव्यशास्त्रात तर याला दोषच मानलं आहे आणि त्याला नाव आहे शुतुरगुर्बा, म्हणजे उंट आणि मांजर. एकाच शेरात 'तू' आणि 'तुम' किंवा 'आप' मिसळले की उंटाच्या जोडीला मांजर बांधल्यासारखं होतं, असा त्यामागचा टोमणा. लखनौचा माणूस हा शब्द कदाचित जाणत नसेल, पण त्याचा कान जाणतो.

याची दुसरी बाजू अशी की पायरी मुद्दाम बदलली की तिला अर्थ येतो. रोज 'तुम' लिहिणाऱ्याकडून अचानक 'जी, जैसा आप ठीक समझें' आलं, तर ते आदराचं नाही, रागाचं आहे. आपल्याकडेही 'हो, तुम्ही म्हणाल तसं' असंच येतं. राग आणि लाड या दोन्ही वेळी 'आप' येऊ शकतं, तेव्हा मेसेजची लांबी बघा. लाडातल्या 'आप'च्या मागेपुढे बडबड असते. रागातलं एकटं येतं आणि त्याला पूर्णविराम असतो. खाली घसरणं मात्र टाळाच. भांडणात 'तुम'वरून 'तू'वर येणं म्हणजे मराठीत ज्याला एकेरीवर येणं म्हणतात तेच, आणि लिहिलेलं असल्यामुळे ते सहा महिन्यांनीही स्क्रीनवर सापडतं.

मराठी शिकणाऱ्या जोडीदारासाठी

तुमच्याकडून चूक होईल ती याच्या बरोबर उलट. तुम्ही 'तुम'ला 'तुम्ही' समजाल आणि कोथरूडच्या मुलीला लिहाल, 'तुम्ही कशा आहात?' तिला हे बँकेच्या मेसेजसारखं वाटेल. तुमच्या वयाच्या मराठी जोडप्यांत दोन्ही बाजूंनी 'तू' हेच आज सर्रास चालतं. लग्न ठरवताना कांदेपोह्यांनंतर पहिले दोन-चार मेसेज 'तुम्ही'त जातात, मग कुणीतरी 'अगं, तू म्हण ना' म्हणतं आणि विषय मिटतो.

'आप'चं 'आपण' तर करूच नका. जोडीदाराला लिहिलेलं 'आपण' लग्नपत्रिकेतून उचलल्यासारखं दिसतं. शिवाय मराठीत 'आपण'चा रोजचा अर्थ 'मी आणि तू मिळून' असा आहे. 'आपण शनिवारी सिंहगडावर जाणार?' असं लिहिलंत तर ती पिठलं-भाकरीची तयारी करेल, आणि तुम्हाला फक्त विचारायचं होतं की ती जाणार आहे का. म्हणून सरळ 'तू शनिवारी सिंहगडावर जाणार आहेस का?' असं लिहा.

'तू'चं क्रियापद शेवटी 'स' मागतं: आलास, आलीस, येतोस, येतेस. बोलण्यात पुष्कळ मराठी लोक तो गाळतात, 'तू कधी आला?' असं सहज म्हणतात, तेव्हा सुरुवातीला त्याची काळजी करू नका. लिंग मात्र सांभाळा. हिंदीत 'तुमने खाया' म्हटलं की मुलगा-मुलगी हा प्रश्न येत नाही, मराठीत 'जेवलास' की 'जेवलीस' हे ठरवावंच लागतं. ती मजेत 'स' चुकल्याबद्दल चिडवेल. 'जेवलास' वाचून मात्र मेसेज दुसऱ्याच कुणाला पाठवायचा होता का, असं विचारेल.

बंगाली किंवा जर्मन असेल तर

इथे लांब जात नाही, पण पायऱ्या प्रत्येक भाषेत नव्याने मोजायच्या असतात. बंगालीत तुइ, तुमि, आपनि अशा तीन आहेत, आणि जोडप्यांची नेहमीची पायरी मधली, तुमि. कॉलेजात एकमेकांना तुइ म्हणणारे मित्र प्रेमात पडले की पुष्कळदा तुमिवर जातात, म्हणजे जवळ येताना एक पायरी वर चढतात. मराठी माणसाला हे उलटं वाटतं, पण एकदा कळलं की त्यातली गंमत कळते. जर्मनमध्ये जोडीदाराला फक्त 'दू'. तिथे प्रश्न उरतो तो अक्षराचा. 1996 च्या लेखनसुधारणेत पत्रातलं 'दू' लहान अक्षराने लिहायचं ठरलं होतं, 2006 मध्ये पत्रांपुरती मोठ्या अक्षराची मुभा परत आली. दोन्ही चालतं. हाताने लिहिलेल्या पत्रात मोठं अक्षर जरा जास्त मायेचं दिसतं, असं मला वाटतं.

घरच्यांच्या ग्रुपवर

दोघांमधली पायरी पक्की झाली, लग्न ठरलं, आणि तुम्हाला लखनौच्या घरच्या ग्रुपमध्ये घेतलं, की एक वेगळाच हिशेब सुरू होतो. तिथे खासगीतलं 'तुम' बाजूला ठेवून 'आप' लिहिणारी जोडपी खूप आहेत, आणि त्यात काही खोटेपणा नाही. आपल्याकडेही सासूबाईंसमोर 'अरे' गिळून बोलणाऱ्या मुली आहेतच. त्याहून सहज चुकतं ते तिसऱ्या माणसाला सांगताना. मराठीत 'तो उद्या येतोय' असं सासूबाईंना लिहिलं तर पुण्यातल्या बऱ्याच घरांत आज कुणी दचकत नाही. तेच शब्दशः 'वो कल आएगा' असं लखनौला गेलं, तर तिकडे नवऱ्याबद्दल हे फार तुटक वाटेल. 'वो कल आएँगे' लिहा, किंवा जुन्या वळणाने 'ये कल आ रहे हैं'. आपल्या आज्या ज्याला 'हे' म्हणायच्या, तोच हा 'ये'.

ग्रुपवर त्याला काही सांगायचं असेल आणि 'तुम' की 'आप' याचा निर्णय होत नसेल, तर वर सांगितलेली 'बताना', 'ले आना' ही रूपं इथेही उपयोगी पडतात. 'स्टेशन पहुँचकर बता देना' हे आई, मामी आणि तो, तिघांनाही एकाच वेळी बरोबर वाटतं.